जुन्याच मेलला रिप्लाय की नवा मेल, आणि खालचा ट्रेल किती कापायचा

प्रश्न: आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, यवतमाळ जिल्ह्यात. मेलचं काम मी पाहते. एका दालमिलसोबत तुरीच्या दरावरून सुरू झालेला मेल आता साठाच्या वर गेला, कारण दर वेळी त्याच्यावरच रिप्लाय केला. आता त्यांना बारदान्याचं सापडत नाही, मला पैशांचं सापडत नाही. अध्यक्ष म्हणतात, खालचं काही पुसू नका, पुरावा जातो. नवा मेल कधी करायचा आणि खालचं किती ठेवायचं?

उत्तर:

ताई, आधी अध्यक्षांची धास्ती दूर करू, कारण ती गेली की बाकीचं सोपं आहे.

मेलच्या साखळीत दोन गोष्टी असतात आणि आपण त्यांना एकच समजतो. एक म्हणजे साखळी जोडणारा धागा. दुसरी म्हणजे खाली लटकणारी जुन्या मजकुराची नक्कल. धागा त्या मजकुरात नसतोच, तो मेलच्या डोक्यावर, एरवी न दिसणाऱ्या ओळींत असतो. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर मेल उघडा, उजवीकडच्या उभ्या तीन ठिपक्यांत `Show original` दाबा, म्हणजे त्या ओळी दिसतील. साधारण अशा:

```
Message-ID: <c3@example.com>
In-Reply-To: <b2@example.com>
References: <a1@example.com> <b2@example.com>
```

प्रत्येक मेलला स्वतःचा एक क्रमांक मिळतो, तो `Message-ID`. आपण रिप्लाय दाबला की ज्याला उत्तर देतोय त्याचा क्रमांक `In-Reply-To` मध्ये बसतो आणि आधीच्यांचे क्रमांक `References` मध्ये ओळीने लागतात. मेल एकाखाली एक लावायला या ओळी लागतात. म्हणून खालचा सगळा ट्रेल पुसून नुसतं "मिळालं, धन्यवाद" एवढंच पाठवलं तरी तो मेल त्याच साखळीत जाऊन बसतो. धागा तुटत नाही.

आता पुराव्याचं. तुम्ही पाठवलेला मूळ मेल तुमच्या `Sent` मध्ये आहे, त्यांचा मूळ मेल तुमच्या `Inbox` मध्ये आहे. नव्या रिप्लायखालून त्याची नक्कल पुसल्यानं त्या दोन्हीला काही होत नाही. उलट ती नक्कल हा अगदी कच्चा पुरावा आहे, कारण ती लिहिण्याच्या चौकटीतच असते. पाठवण्याआधी कोणीही त्यात ७,२५० चे ७,१५० करू शकतो आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. पैशावरून वाद झालाच, तर ट्रेल दाखवू नका, मूळ मेल द्या. इनबॉक्सच्या यादीत त्या मेलपुढच्या चौकोनात टिक करा, राइट क्लिक करा, `Forward as attachment` निवडा. मेल जसाच्या तसा, डोक्यावरच्या ओळींसकट, `.eml` फाइल म्हणून जातो. पुसायचा नाही तो हा मूळ मेल. खालची नक्कल बिनधास्त पुसा.

आता नवा मेल कधी, ते पाहू. "विषय बदलला की नवा मेल" असं सगळेच सांगतात, पण तुमच्या कामात ते पुरत नाही. दर, नमुना, ओलावा, बारदाना, गाडी, काटापट्टी, पैसे, हे सगळं एका अर्थी एकाच तुरीचं आहे. म्हणून विषय बाजूला ठेवा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. याचं उत्तर देणारा माणूस वेगळा आहे का? आणि हे काम आधीच्या कामापेक्षा वेगळ्या दिवशी संपणार आहे का? दोन्हीला "हो" आलं तर नवा मेल, काही विचार न करता. दोन्हीला "नाही" आलं तर त्याच मेलवर रिप्लाय.

तुमच्या सौद्याला हे लावून पाहा. दर आणि ओलावा वेगळे विषय वाटतात, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की दर तिथल्या तिथं हलतो, आणि दोन्हीचं उत्तर मिलचा खरेदीवालाच देतो. ते एका मेलमध्येच राहू द्या. बारदाना कोणाचा आणि गाडी कधी लागणार, हे मिलचा गोडाऊनवाला पाहतो आणि माल उतरला की ते संपतं. म्हणजे दुसरा मेल. काटापट्टी आणि पैसे अकाउंटवाला पाहतो, आणि ते माल उतरल्यावर पंधरा दिवस, कधी महिनाभर चालतं. तिसरा मेल. एका सौद्याला तीन साखळ्या बास झाल्या. बारदान्याचा एक, गाडीचा एक, काट्याचा एक, असे सात मेल उघडले तर आज एका ढिगात शोधता ते उद्या सात ढिगांत शोधाल.

एका प्रश्नाला "हो" आणि एकाला "नाही" आलं, तर परिस्थिती पाहावी लागते. मिल लहान असेल आणि दर, गाडी, पैसे सगळं एकच शेठ पाहत असेल, तर मी पैशांपुरताच वेगळा मेल करीन, बाकी एकात चालेल. पैशांचा मात्र वेगळाच हवा, कारण तो सगळ्यांत शेवटी संपतो आणि ऑडिटच्या वेळी तोच काढून द्यावा लागतो. दुसरं, हंगाम बदलला की माणूस तोच असला तरी नवा मेल. मागच्या वर्षीच्या तुरीच्या मेलवर रिप्लाय करून यंदाचा दर विचारला, की खाली मागचा दर आयताच लटकून जातो आणि भाव तिथूनच सुरू होतो.

एकाच मेलवर सगळं ढकलत राहिल्यानं दोन अडचणी येतात आणि त्या कोणी सांगत नाही. जीमेलमध्ये साखळी `Mute` करता येते. मिलच्या ज्या माणसाचं काम दर ठरल्यावर संपलं, त्यानं कंटाळून ती म्यूट केली असेल, तर तुमचा पुढचा मेल त्याच्या इनबॉक्समध्ये न येता परस्पर `All Mail` मध्ये जातो. मेल फक्त त्याच्या एकट्याच्या नावानं असेल तरच वर येतो. तुम्ही म्हणता पाठवला, तो म्हणतो आला नाही, आणि दोघंही खरं बोलत असता. दुसरी अडचण अशी की जीमेल एका साखळीत १०० मेलपर्यंतच धरतं, त्यापुढचे आपोआप वेगळ्या ढिगात पडतात. साठाच्या वर गेलेल्या साखळीचं पुढं असंच होणार, आणि ती कुठं तुटेल ते तुमच्या हातात नाही.

नवा मेल कुठं करू नये, तेही सांगतो. आठवण करून देताना कधीच नाही. "पैसे अजून आले नाहीत" हे दर आठवड्याला नव्या मेलनं पाठवलं, तर समोरच्याला चार सुट्या तक्रारी दिसतात आणि कोणतीच जुनी वाटत नाही. स्वतःच पाठवलेल्या शेवटच्या मेलवर रिप्लाय करा. स्वतःच्या मेलवर रिप्लाय केला तरी जीमेल तो त्या मेलच्या `To` मधल्या माणसालाच पाठवतं, तुम्हाला नाही. `Cc` मध्ये कोणी असेल तर `Reply all` घ्या. यात खालची तारीख मुद्दाम राहू द्यायची, म्हणजे किती दिवस झाले ते सांगावं लागत नाही.

मधला एक मार्ग पुष्कळ जण घेतात. जुन्या मेलवर रिप्लाय दाबायचा आणि फक्त सब्जेक्ट बदलायचा. जीमेलमध्ये रिप्लायच्या चौकटीत डावीकडच्या बाणावर `Edit subject` मिळतं. सब्जेक्ट बदलला की जीमेल नवी साखळी धरतं, त्यामुळं तुम्हाला काम झाल्यासारखं वाटतं. पण डोक्यावरच्या `References` ओळी तशाच राहतात. पलीकडचा माणूस थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल वाचत असेल, तर त्याला तो जुन्याच ढिगात दिसतो. शिवाय खालचा सगळा ट्रेल सोबत जातो तो जातोच. हा मार्ग फक्त एकाच प्रसंगी कामाचा आहे. बोलता बोलता विषय सरकला, माणसं तीच आहेत आणि मागचा संदर्भ खरंच लागतो, तेव्हा. मग सब्जेक्ट असा लिहा: "तूर लॉट ७, बारदाना (आधी: तूर लॉट ७, दर)". कंसातल्या शब्दांवरून शोधणाऱ्याला मागचं सापडतं. बाकी वेळी `Compose` दाबून कोरा मेलच घ्या.

कोऱ्या मेलची एक अडचण असते, संदर्भ तुटतो. तो दोन ओळींत हातानं जोडायचा:

> सब्जेक्ट: तूर लॉट ७, १२० क्विंटल, काटापट्टी व पेमेंट
>
> नमस्कार, १४ फेब्रुवारीच्या मेलमध्ये लॉट ७ चा दर क्विंटलला ७,२५० ठरला (सब्जेक्ट: तूर लॉट ७, दर). माल १८ तारखेला उतरला. दोन्ही काटापट्ट्या सोबत जोडल्या आहेत. निव्वळ वजन ११९.४० क्विंटल, रक्कम ८,६५,६५०. पेमेंटची तारीख कळवावी.

यात जुन्या साठ मेलमधलं लागणारं सगळं आलं. अकाउंटवाल्याला खाली जाऊन खोदायची गरज नाही आणि दराची घासाघीसही त्याच्यापर्यंत गेली नाही. काटापट्टी मात्र पुन्हा जोडावी लागते. कोऱ्या मेलमध्ये तर नाहीच, पण रिप्लायमध्येसुद्धा जुनी अटॅचमेंट सोबत जात नाही, ती फक्त फॉरवर्डमध्ये जाते. "खाली जोडलेली पट्टी पाहा" असं रिप्लायमध्ये लिहिणं ही रोज होणारी चूक आहे.

आता ट्रेल कापण्याचं. सगळ्यांत मोठा धोका इथंच आहे, आणि तो मेल लांब होण्याचा नाही. रिप्लायच्या चौकटीत खाली आडवे तीन बारीक ठिपके दिसतात. त्यावर माऊस नेला की `Show trimmed content` असं येतं. आपल्याला वाटतं जीमेलनं खालचं कापलं. कापलेलं काहीच नसतं, फक्त झाकलेलं असतं, आणि पाठवलं की सगळंच्या सगळं जातं. समोरच्यानं ते ठिपके दाबले की त्याला सगळं वाचता येतं.

समजा, मिलनं ७,१०० सांगितले. तुम्ही तो मेल अध्यक्षांना फॉरवर्ड केला. अध्यक्षांनी उत्तर दिलं, "७,१५० ला सुटला तरी देऊन टाका, पण आधी ७,३५० सांगा." तुम्ही अध्यक्षांच्या त्याच मेलवर रिप्लाय दाबला, `To` मध्ये मिलचा पत्ता टाकला, अध्यक्षांना `Cc` मध्ये घेतलं आणि लिहिलं, "आमचा दर ७,३५०." स्क्रीनवर एवढी एकच ओळ दिसते. ठिपक्यांच्या आत अध्यक्षांचं वाक्य शब्दशः गेलं. मिलवाला ७,१५० वर हटून बसला तर त्याला घासाघीस चांगली येते असं समजू नका. असंच गाडीवाल्याला `Cc` करताना होतं. त्याला फक्त पत्ता आणि वेळ हवी असते, आणि आपण त्याला सौद्याची सगळी कुंडली देतो.

म्हणून एक सवय लावून घ्या. साखळीत नवा पत्ता टाकायचा असेल, तर आधी ते ठिपके उघडायचे, खालपर्यंत नजर टाकायची, आणि मगच पत्ता टाकायचा. आपसातली सल्लामसलत तर मिलच्या मेलवर करूच नका. त्यासाठी कोरा मेल घ्या आणि मिलचा आकडा त्यात हातानं लिहा.

कापायची पद्धत सांगतो. आधी कापा, मग लिहा, कारण लिहून झाल्यावर हात थेट `Send` कडे जातो. कॉम्प्युटरवर ठिपके दाबले की सगळा ट्रेल उघडतो. ठेवायचा मजकूर जिथं संपतो तिथं कर्सर ठेवा, `Ctrl+Shift+End` दाबा, खालचं सगळं निळं होईल, मग `Delete`. सही तळाशी, जुन्या मजकुराच्याही खाली येत असेल तर तीही उडेल. ते टाळायला सेटिंग्जमधल्या `Signature` खाली सही जुन्या मजकुराच्या वर घेण्याची टिक आहे, ती एकदाच करून ठेवा. फोनवरही रिप्लायखाली तेच ठिपके येतात, पण बोट ओढत दहा पानं निवडणं म्हणजे शिक्षाच. तिथं ठिपके उघडून `Select all` करून सगळंच पुसा आणि लागणारी एक ओळ स्वतः टाइप करा. लवकर होतं.

किती ठेवायचं? ज्या वाक्याला उत्तर देताय ते वाक्य, आणि ते कोणी, कधी लिहिलं ती एक ओळ. त्याच्या खालचे, म्हणजे नक्कलेच्या आतल्या नकला, सगळे जाऊ द्या. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या असतील तर प्रत्येकीखाली आपलं उत्तर लिहा:

> > बारदाना तुमचा की आमचा?
>
> आमचा. ५० किलोचे २४० कट्टे भरून ठेवले आहेत.
>
> > गाडी सकाळी लागेल का?
>
> सकाळी ८ ला लावा. दुपारी हमाल मिळणार नाहीत.

हे वाचायला मागंपुढं जावं लागत नाही. सगळी उत्तरं वरती एका परिच्छेदात लिहिली की तीनपैकी एक हमखास सुटतं आणि त्यासाठी पुन्हा दोन मेल होतात. मधलं काही गाळलं तर तिथं [...] टाका. पण ठेवलेल्या वाक्यातला एक शब्दही बदलू नका, त्यांची शुद्धलेखनाची चूकसुद्धा तशीच राहू द्या. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य आपण सुधारलं की वादाच्या दिवशी तेच अंगावर येतं.

न कापल्यानं काय होतं ते फोनवर पाहा. नकलेत नक्कल असली की दर पायरीला मजकूर थोडा उजवीकडे सरकतो. आठ-दहा पायऱ्यांनंतर एका ओळीत एक-दोन शब्द मावतात आणि काट्यावर उभ्या माणसाला बोटानं स्क्रीन सरकवत राहावं लागतं. मेलचा मजकूर साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच तोडून `Message clipped` दाखवतं, आणि उरलेल्यासाठी आणखी एक लिंक दाबावी लागते. सहीत कंपनीचा लोगो चित्र म्हणून असेल, तर तो रिप्लायसोबत पुन्हा पुन्हा जातो आणि मेल आणखी जड होतो. रेंज कमी असलेल्या गावात तो उघडायलाच वेळ लागतो.

अध्यक्षांचं म्हणणं एका ठिकाणी मात्र बरोबर आहे. बँक किंवा सरकारी कार्यालयाशी मेल असेल तर मी ट्रेल फारसा कापत नाही. तिथं टेबलावरचा माणूस बदलतो, आणि नव्या माणसाकडे आधीचे मेल नसतात. पण तिथंही ओझं लटकवण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. साखळी उघडून वर उजवीकडच्या प्रिंटरच्या चिन्हावर, `Print all` वर, क्लिक करा आणि पीडीएफ म्हणून सेव्ह करा. त्यात प्रत्येक मेल तारखेनं एकदाच येतो आणि नकलांच्या जागी `[Quoted text hidden]` असं छापून येतं. ती पीडीएफ जोडा, वर त्यांचा जावक क्रमांक आणि तारीख लिहा. फाइलला लावायला त्यांना कागद लागतोच.

राहिला तुमचा साठ मेलचा ढीग. तो मागं जाऊन सरळ करायच्या भानगडीत पडू नका. त्याच साखळीवर एक शेवटचा रिप्लाय करा, खालचं सगळं पुसून: दर ७,२५० ठरला, माल उतरला, बारदान्याचं आजपासून "तूर लॉट ७, बारदाना" या मेलवर आणि पैशांचं "तूर लॉट ७, काटापट्टी व पेमेंट" या मेलवर बोलू. लगेच ते दोन कोरे मेल त्या त्या माणसाला पाठवा. पहिले आठ-दहा दिवस मिलवाले सवयीनं जुन्यावरच लिहितील. तेव्हा तिथं उत्तर देऊ नका. त्यांचं वाक्य कॉपी करून नव्या मेलवर घ्या आणि उत्तर तिथं द्या.